शुक्रवारचं काम बुधवारी जाणार, हे जपानी क्लायंटला कसं कळवायचं

टीममधल्या एकाने बुधवारी दुपारी हा मेसेज लिहिला आणि पाठवण्याआधी मला दाखवला:

“हाय तानाका-सान, शुक्रवारची डिलिव्हरी जमणार नाही. टेस्टिंगमध्ये तारखांचा एक बग सापडलाय. पुढच्या बुधवारी देतो. चालेल ना?”

(तानाका हे नाव नमुन्यादाखल घेतलंय.) मेसेजमध्ये खोटं काही नाही, लपवाछपवी नाही, आणि दोन दिवस आधी कळवलंय. आपसात असा मेसेज आला तर आपण लिहिणाऱ्याचे आभारच मानू. पण तोच मेसेज टोकियोतल्या एखाद्या जुन्या कंपनीच्या लेखा विभागात गेला, की तिथला माणूस अडचणीत येतो. तो का अडचणीत येतो हे नीट कळलं, की मेसेज कसा बदलायचा ते पाठ करावं लागत नाही. म्हणून हा एकच मेसेज घेऊन शेवटपर्यंत जाऊ. नवीन माणसाला सगळ्यात आधी याच प्रकारचा मेसेज लिहावा लागतो आणि सगळ्यात जास्त चुकाही यातच होतात.

आधी बघा, हा मेसेज वाचणार कोण

तानाका-सान एकटे काही ठरवणार नाहीत. जपानी कंपन्यांत ‘रिंगी’ नावाची पद्धत आहे: प्रस्तावाचा कागद खालून वर एकेका टेबलावरून फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर आपली मोहोर उमटवतो. त्याच्याही आधी ‘नेमावाशी’ होते. म्हणजे बैठकीत विषय निघण्यापूर्वीच संबंधित माणसांना एकेकट्याने भेटून त्यांची तयारी करून घेणं. झाड दुसरीकडे लावायच्या आधी त्याची मुळं सगळ्या बाजूंनी मोकळी करून बांधून घेतात, त्यावरून हा शब्द आला. तारीख बदलणं ही रिंगीइतकी मोठी गोष्ट नसेल, पण सवय तीच. तानाका-सान तुमची मेल वरिष्ठांना दाखवणार, त्या प्रणालीवर पुढे ज्यांचं काम अडतं त्यांना पाठवणार, आणि मग उत्तर देणार.

आता “चालेल ना?” पुन्हा वाचा. ज्या माणसाच्या हातात ‘हो’ म्हणणं नाही आणि ज्याला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नाही, त्याच्याकडून आपण लगेच हो किंवा नाही मागतोय. “हाय” आणि “बग” यापेक्षा हे दोन शब्द जास्त बोचतात.

“पुढच्या बुधवारी देतो” हे दुसरं. जपानी कार्यालयात नव्या माणसाला ‘होरेन्सो’ शिकवतात. ‘होकोकु’ म्हणजे झालेलं सांगणं, ‘रेनराकु’ म्हणजे कळवत राहणं आणि ‘सोदान’ म्हणजे ठरवण्याआधी विचारणं, या तिघांची पहिली अक्षरं जोडून झालेला हा शब्द. आपल्या मेसेजमध्ये पहिले दोन आहेत, तिसरा गाळलाय. तारीख आपण परस्पर ठरवली आणि क्लायंटला फक्त सांगितली.

त्यामुळे पहिली पायरी लिहिण्याची नाहीच. कागदावर तीन नावं लिहा: मेल कोणाला जाणार, त्यांच्या वर कोण, आणि या कामावर पुढे कोण अवलंबून आहे. नावं माहीत नसतील तर हुद्दे लिहा. मेलमधलं प्रत्येक वाक्य त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाने, आधीचं काहीही माहीत नसताना वाचलं तर समजेल का, एवढं तपासायचं.

दुसरी पायरी: तथ्य आणि मागणं वेगळं करा

नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. आडवळणाने लिहायचं म्हणजे सगळंच धूसर करायचं, असं त्यांना वाटतं. मग अशी वाक्यं जन्माला येतात: “काही तांत्रिक बाबींमुळे नियोजनात किंचित फेरबदल होण्याची शक्यता नाकारता येत नाही.” मी स्वतः सुरुवातीच्या काळात जवळपास असंच वाक्य एका क्लायंटला पाठवलं होतं आणि फार नम्र लिहिलं म्हणून समाधानात होतो. तासाभरात उत्तर आलं. नेहमीच्या अभिवादनानंतर त्यात एकच प्रश्न होता: “कृपया नवीन तारीख कळवावी.” पुढचे दोन दिवस मला रोज दोन वेळा स्थिती कळवावी लागली, कारण माझ्या त्या एका वाक्याने त्यांचा माझ्यावरचा भरवसा उडाला होता.

जपानी व्यवहारात आडवळण असतं ते नकाराला, मागणीला आणि मतभेदाला. तारीख, वेळ, रक्कम, नग, कुठे काय बिघडलं, यांना नसतं. उलट तिथे त्यांना आपल्यापेक्षा जास्त काटेकोरपणा हवा असतो. माणसाला जपायचं आणि आकडा उघडा ठेवायचा. एवढं एक धरलंत तर बाकीच्या चुका किरकोळ राहतील.

आपल्या मेसेजचे तुकडे करू. तथ्यं अशी: १४ जून, शुक्रवारची डिलिव्हरी पूर्ण होणार नाही. पूर्ण काम १९ जून, बुधवारी होईल. बिघाड बिलाच्या मुदतीच्या तारखेत आहे. हा बिघाड नेमका काय तेही लिहून काढा, कारण “तारखांचा बग” एवढ्याने पलीकडचा माणूस वरिष्ठांना काही सांगू शकत नाही. जपानमध्ये महिनाअखेर हिशेब बंद करायचा आणि पुढच्या महिनाअखेर पैसे द्यायचे, ही अटच सर्रास असते. आपल्या प्रोग्रामने मुदत काढताना नुसता एक महिना मिळवला होता. ३१ मार्चला बंद झालेल्या बिलाची मुदत त्यामुळे ३० एप्रिल येते, ती बरोबर. पण ३० एप्रिलच्या बिलाची मुदत ३० मे येते, जी ३१ मे यायला हवी. २८ फेब्रुवारीच्या बिलाची २८ मार्च येते, म्हणजे तीन दिवस आधी. बिघाड फक्त छोट्या महिन्यांतच दिसतो, म्हणून तो उशिरा सापडला.

मागणं एकच: तारीख बदलायला संमती. यातलं मागणं तेवढं गुंडाळायचं आहे, तथ्यं जशीच्या तशी जातील.

याच वेळी आणखी एक गोष्ट शोधा, जी मूळ मेसेजमध्ये नव्हती. क्लायंटला निवडायला काय देता येईल? आपल्या बाबतीत मुदतीचा भाग सोडून बाकीच्या स्क्रीन ठरल्या दिवशी देता येत होत्या. म्हणजे दोन वाटा झाल्या: सगळं १९ तारखेला, किंवा १४ तारखेला मुदतीशिवायचा भाग आणि १९ तारखेला उरलेला. दोन वाटा समोर ठेवल्या की तानाका-सान यांना वर जाऊन “ते उशीर करतायत” असं सांगावं लागत नाही, “आपल्याला यातलं काय सोयीचं?” असं विचारता येतं. सोदान म्हणतात तो हाच.

तिसरी पायरी: मेलच्या आधी फोन

वाईट बातमी नुसत्या मेलने, त्यातही चॅटवर, देऊ नका. फोन दोन मिनिटांचा असला तरी चालतो. वेळ त्यांच्या घड्याळाने बघा. दुपारी बारा ते एक बहुतेक कार्यालयांत जेवणाची सुट्टी असते आणि संध्याकाळी निघायच्या वेळी अशी बातमी दिली, तर ती वर पोचवायला त्यांना वेळ उरत नाही. सकाळची वेळ चांगली.

फोनवर आधी विचारा की आता बोलायला सोयीचं आहे का. मग दिलगिरी, मग जुनी तारीख आणि नवी तारीख, आणि तासाभरात तपशील मेलने पाठवतो एवढंच. होकार मागू नका. पलीकडून “हाई, हाई” ऐकू येईल. त्याचा अर्थ ‘ऐकतोय’ असा आहे, ‘मान्य’ असा नाही. फोन ठेवून “क्लायंट हो म्हणाला” असं टीमला सांगणारे मी बरेच पाहिलेत.

भाषेची अडचण असेल आणि तुमच्याकडे ब्रिज एसई असेल, म्हणजे दोन्हीकडची भाषा आणि काम जाणणारा इंजिनिअर, तर फोन त्याने करावा. पण मजकूर तुम्ही द्यायचा, आणि “जरा सांभाळून सांग” असा नाही, वरची तथ्यं लिहून द्यायची.

चौथी पायरी: सांगाडा

मराठी पत्राला जसा मायना असतो, तसाच जपानी व्यावसायिक मेललाही ठरलेला साचा असतो. “सप्रेम नमस्कार, विनंती विशेष” वाचताना कोणी अर्थ शोधत बसत नाही, पण ते नसेल तर पत्र अर्धवट वाटतं. जपानीत ती जागा “ओसेवा नि नात्ते ओरिमासु” या वाक्याची आहे. शब्दशः अर्थ ‘आम्ही आपल्या सांभाळात आहोत’ असा काहीसा. इंग्रजीत लिहिताना ‘आपल्या सततच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत’ या धर्तीचं एक वाक्य त्या जागी पुरतं. छापील पत्रात ‘हाइकेइ’ने सुरुवात, ऋतूचं वर्णन आणि ‘केइगु’ने शेवट असा थाट असतो. मेलमध्ये तो नको. नवखा माणूस कुठेतरी वाचून मेलमध्ये चेरीच्या बहराबद्दल लिहितो, त्याची गरज नाही.

नावाचं जरा नीट बघू, कारण इथली चूक पहिल्याच ओळीत दिसते. सर्वांत वर कंपनीचं पूर्ण नाव, मग विभाग, मग आडनाव आणि ‘सामा’. बोलताना ‘सान’, लिहिताना औपचारिक मेलमध्ये ‘सामा’. दोन्ही स्त्री-पुरुष कोणालाही चालतात, त्यामुळे समोरची व्यक्ती बाई की पुरुष हे माहीत नसताना इंग्रजी संबोधनांचा जो घोळ होतो तो टळतो. हुद्द्याला सामा जोडत नाहीत. ‘बुचो’ म्हणजे विभागप्रमुख, पण ‘बुचो-सामा’ चूक. आडनाव आधी लिहून पुढे हुद्दा, किंवा हुद्दा आधी लिहून मग आडनाव आणि सामा. (कोरियन क्लायंट असेल तर नेमकं उलट. तिथे हुद्द्यालाच ‘निम’ हा आदरार्थी प्रत्यय लागतो, विभागप्रमुख म्हणजे ‘बुजांग-निम’. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.)

आडनाव कोणतं हे कळायला त्यांच्या मेलखालची सही बघा. जपानी सरकारने १ जानेवारी २०२० पासून आपल्या कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली. खासगी कंपन्यांत दोन्ही पद्धती चालतात. पण पुष्कळ जण आडनाव सगळं मोठ्या लिपीत लिहितात. ते दिसलं की प्रश्न मिटला.

आणि आपल्या माणसाबद्दल लिहिताना आदर काढून टाका. हे मराठी माणसाला फार जड जातं. “आमचे जोशी सर आपल्याशी बोलतील” हे आपल्या कानाला सभ्य वाटतं. जपानीत मात्र ‘उचि’ म्हणजे आतले आणि ‘सोतो’ म्हणजे बाहेरचे, अशी रेघ असते. बाहेरच्याशी बोलताना आपला मोठा साहेबही आतलाच, म्हणून त्याच्या नावाला सान लावत नाहीत. आपल्या माणसाला उंच करणं म्हणजे समोरच्याला खाली बसवणं. तेव्हा “आमचे विभागप्रमुख जोशी” एवढंच. स्वतःच्या नावाला तर सान कधीच नको.

सीसीत नावं हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने लावा, क्लायंटची आधी. गंभीर बातमी असेल तर आपल्या बाजूचा वरिष्ठ सीसीत असलाच पाहिजे. नाहीतर ही गोष्ट आपल्याकडे वरपर्यंत गेलीच नाही, असं दिसतं.

पाचवी पायरी: मजकूर

खरी मेल इंग्रजीत किंवा जपानीत जाईल. सांगाडा दिसावा म्हणून मराठीत देतोय.

विषय: 【दिलगिरी व विनंती】 बिल मॉड्यूल सुपूर्द करण्याच्या तारखेबाबत (१४ जून / १९ जून)

(कंपनीचं नाव)
लेखा प्रणाली विभाग
तानाका-सामा

आपल्या नेहमीच्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत. मी (आपली कंपनी) येथून (आपलं नाव).

आज सकाळी फोनवर कळवलेल्या विषयाबाबत लिहीत आहे. बिल मॉड्यूल १४ जून (शुक्रवार) रोजी पूर्ण स्वरूपात देणं आम्हाला शक्य होत नाही. आपल्या नियोजनाला यामुळे त्रास होत आहे, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

स्थिती: ३१ दिवसांपेक्षा लहान महिन्याच्या अखेरीस बंद झालेल्या बिलांची मुदत १ ते ३ दिवस आधीची दाखवली जाते. उदाहरण: ३० एप्रिलचे बिल, अपेक्षित मुदत ३१ मे, दाखवलेली मुदत ३० मे. इतर स्क्रीनवर परिणाम नाही.

कारण: मुदत काढताना महिनाअखेर न पाहता एक महिना मिळवला जात होता. आमच्या तपासणीत लहान महिन्यांची उदाहरणे नव्हती.

उपाय: दुरुस्ती सुरू आहे. २८, २९, ३० आणि ३१ दिवसांच्या महिन्यांची उदाहरणे तपासणीच्या यादीत कायमची घातली आहेत.

पुढील दोन पर्याय आम्ही विचारार्थ ठेवत आहोत.
पर्याय १: संपूर्ण मॉड्यूल १९ जून (बुधवार), टोकियो वेळ १७:०० पर्यंत.
पर्याय २: मुदतीचा भाग वगळून बाकी सर्व १४ जून (शुक्रवार), १७:०० पर्यंत, मुदतीचा भाग १९ जून, १७:०० पर्यंत.

आपल्याला तसदी देत आहोत याची जाणीव आहे, तरी आपल्या अंतर्गत सोयीनुसार यांपैकी कोणता पर्याय योग्य ठरेल हे १३ जून (गुरुवार) संध्याकाळपर्यंत कळवता आल्यास आभारी राहू. दोन्ही सोयीचे नसल्यास तसेही निःसंकोच सांगावे.

पुन्हा एकदा दिलगिरी व्यक्त करतो. कृपया लोभ असावा.

आता यातलं काय कुठे का आहे ते बघा. नकार मायन्यानंतरच्या पहिल्याच परिच्छेदात आहे, तारखेसकट. तो खाली ढकललेला नाही. पण तो “जमणार नाही” असा न येता “आम्हाला शक्य होत नाही” असा येतो, आणि लगेच मागे दिलगिरी येते. दिलगिरी कंपनीच्या वतीने आहे. “आमच्या टेस्टरकडून राहिलं” किंवा “लायब्ररीतच गडबड होती” असं काही नाही. आतल्या माणसावर बोट दाखवलं की समोरच्याला ती ‘इइवाके’, म्हणजे सबब वाटते. त्याच कारणासाठी ‘कारण’ हे दिलगिरीच्या नंतर आणि दोनच ओळीत आहे.

‘उपाय’मध्ये “यापुढे अधिक काळजी घेऊ” असं लिहिलेलं नाही. नवखे हमखास तेच लिहितात. जपानी क्लायंट ‘साइहात्सु बोशी’ विचारतो, म्हणजे हेच पुन्हा घडू नये म्हणून काय बदललं. काळजी घेणं म्हणजे काही बदलणं नाही. यादीत चार नवी उदाहरणं घातली, हा बदल आहे. ते उद्या येऊन यादी बघू शकतात.

मागण्याच्या आधी आलेलं “तसदी देत आहोत याची जाणीव आहे, तरी” हे शब्द उशीसारखे आहेत. जपानीत त्यांना ‘कुशन कोतोबा’, उशीचे शब्द, असंच म्हणतात: नकारापूर्वी ‘आइनिकु’, म्हणजे ‘दुर्दैवाने’, विनंतीपूर्वी ‘ओसोरेइरिमासु गा’, म्हणजे ‘संकोच वाटतो, पण’. एका विनंतीला एक उशी पुरे. दोन-तीन रचल्या की वाक्य गुदमरतं. वाचणाऱ्याची इंग्रजी तुमच्याइतकीच परकी असते, आणि मेल कदाचित भाषांतरातून जाणार असते. “शक्य होणार नाही असे नाही” यासारखा दुहेरी नकार भाषांतरात बरोबर उलटा होऊ शकतो. वाक्यं आखूड, प्रत्येक मुद्द्यानंतर एक ओळ मोकळी. औपचारिक लिहिणं म्हणजे अवघड लिहिणं नाही.

विनंतीचं शेवटचं वाक्य, “दोन्ही सोयीचे नसल्यास तसेही निःसंकोच सांगावे”, हे “चालेल ना?”च्या जागी आलंय. नकाराचं दार आपणच उघडून धरलं, की त्यांना ते ढकलावं लागत नाही.

सहावी पायरी: तेच शब्द, दोन वजनं

जपानीत थोडंफार लिहिणाऱ्यांसाठी एवढं. ‘र्योकाइ शिमाशिता’ म्हणजे ‘समजलं’. सहकाऱ्याला चालतं, क्लायंटला नाही. तिथे ‘शोचि शिमाशिता’. ‘सुमिमासेन’ रस्त्यावर धक्का लागला तर ठीक, पण डिलिव्हरी चुकली तर ‘मोशिवाके गोझाइमासेन’. ‘गोकुरोसामा’ हे वरून खाली म्हणायचं कौतुक आहे, ते क्लायंटला कधीच लिहू नका. एवढे तीन सांभाळा. बाकी सन्मानदर्शक जपानीचा, म्हणजे ‘केइगो’चा, मोह इंग्रजी मेलमध्ये नको. अर्धवट केइगोपेक्षा साधी सभ्य इंग्रजी कधीही बरी.

सातवी पायरी: उत्तर वाचणं

इथे मी सगळ्यात महाग चूक केली आहे. एका कामाच्या वाढीव भागाचा प्रस्ताव आम्ही पाठवला. उत्तर आलं, “आम्ही अंतर्गत विचार करू.” मी आनंदाने दोन माणसं राखून ठेवली. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात ब्रिज एसईने तोंड उघडलं: “तो नकार होता, पहिल्याच दिवशी.” ‘केन्तो शिमासु’, विचार करतो, याला पुढची तारीख जोडलेली नसेल आणि एकही प्रश्न विचारलेला नसेल, तर बहुधा ते ‘नाही’ असतं. खरोखर विचार करणारा क्लायंट प्रश्न विचारतो, कारण त्याला वर उत्तरं द्यायची असतात. ‘मुझुकाशी’, म्हणजे ‘कठीण आहे’, हे तर जवळजवळ सरळच नकार आहे. आपला इंजिनिअर ते ऐकून “कठीण असलं तरी करू” म्हणतो आणि पलीकडे शांतता पसरते.

खात्री करायची असेल तर “हो की नाही?” असं विचारू नका. पुढच्या कृतीबद्दल विचारा: “आमच्या नियोजनासाठी विचारतो, या कामासाठी जुलैत माणसं राखून ठेवणं उपयोगी ठरेल का, की सध्या दुसरीकडे लावू?” या प्रश्नाला “सध्या दुसरीकडे लावावीत” असं उत्तर देणं त्यांना सोपं जातं, आणि नकार कोणीच दिलेला नसतो.

मेल बिघडली हे कसं ओळखायचं? उत्तरात फक्त तारीख किंवा आकडा परत विचारला असेल, तर तुम्ही तथ्यही गुंडाळलंत. सीसीत अचानक त्यांचा वरिष्ठ दिसू लागला, तर गोष्ट वर गेली आहे. तुमच्या बाजूचा वरिष्ठ त्याच दिवशी बोलला पाहिजे. ‘केइइशो’, म्हणजे काय घडलं त्याचा क्रमवार अहवाल मागितला, तर दिलगिरी पुरली नाही असं समजा आणि तारीख-वेळ-घटना असा तक्ता द्या, विशेषणं न घालता.

हे कुठे लागू पडत नाही

सगळे जपानी क्लायंट असे नसतात. नव्या कंपन्या, परदेशात वाढलेली माणसं, रोज चॅटवर एकत्र काम करणाऱ्या टीम यांना वरची मेल दगडासारखी वाटेल. म्हणून त्यांच्या गेल्या तीन मेल उघडा. संबोधन काय आहे, मायना आहे का, वाक्यं किती लांब आहेत. त्यांच्या पातळीला राहा किंवा अर्धी पायरी वर, पण खाली नको. त्यांनी ‘सामा’वरून ‘सान’वर यायला सुरुवात केली, की मगच तुम्ही या. आणि वाईट बातमीच्या दिवशी, नातं कितीही मोकळं झालेलं असलं, तरी पुन्हा पूर्ण साच्यात लिहा.

प्रणाली चालू असताना बंद पडली असेल, तेव्हाही हा क्रम बदलतो. तिथे पहिला संदेश चार ओळींचा: काय बंद आहे, कधीपासून, आपण काय करतोय, पुढची माहिती किती वाजता. मायना एका ओळीचा. कारण शोधत बसून पहिला संदेश थांबवू नका. पण ‘पुढची माहिती १५:०० वाजता’ लिहिलंत तर १५:०० वाजता काहीही नवं नसलं तरी “तपास सुरू आहे, पुढची माहिती १६:०० वाजता” एवढं गेलंच पाहिजे.

तानाका-सान यांनी पर्याय २ निवडला, असं धरू. मग १४ तारखेला पहिला भाग देताना एक छोटी मेल, १८ तारखेला दुरुस्ती तपासून झाल्याची दुसरी, आणि १९ तारखेला १७:०० च्या आधी तिसरी जाईल. तिसऱ्या मेलमध्ये ३० एप्रिल आणि २८ फेब्रुवारीची बिलं आता काय मुदत दाखवतात, ते दोन ओळीत लिहा: ३१ मे, ३१ मार्च. त्यांना वर दाखवायला नेमकं तेच लागणार आहे.